मेंदीवर डाय: हिरवी झाक येते कुठून?

पन्नाशीच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. वर्षानुवर्षं दर महिन्याला मेंदी आणि कानशिलांवरचे पांढरे केस केशरी दिसू नयेत म्हणून त्यावर निळीच्या पानांची पूड. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी पार्लरमध्ये फिकट तपकिरी रंग लावून घेतला. केस धुतल्यावर मुळाशी रंग हवा तसा उजळ, खाली गडद तांबूस आणि कानशिलांपाशी चक्क हिरवट. दोष रंगाच्या ट्यूबवर गेला. ट्यूब बहुधा निर्दोष होती.

पक्क्या डायमध्ये अमोनिया केसाचा बाहेरचा थर फुगवतो आणि डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसाचा मूळ रंग फिकट करतं. त्याच वेळी डायचे छोटे, बिनरंगी रेणू आत शिरून एकमेकांशी जुळतात आणि रंग धरतात. म्हणजे डाय काही कोऱ्या कागदावर चढत नाही, खाली जे उरलं असेल त्यात मिसळतो.

मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट चिकटतं. पेरॉक्साइड नैसर्गिक रंग जितका सहज उतरवतं तितकं हे उतरत नाही. शिवाय नव्याने वाढलेल्या मुळांवर मेंदीचा एखादाच हात असतो, टोकांवर कित्येक वर्षांचे थर. एकाच डोक्यावर एकच डाय लावला तरी प्रत्येक पट्ट्यात निकाल वेगळा येतो तो यामुळे.

हिरवटपणा मात्र निळीचा. मेंदीचा केशरी आणि निळीचा निळा मिळून तपकिरी-काळा दिसतो, तो दोघांचा तोल असेपर्यंतच. पेरॉक्साइडने केस पिवळट झाले आणि निळा मागे राहिला, की हिरवं दिसणारच. पांढऱ्या केसांत झाकायला नैसर्गिक काळेपणाही नसतो. रंग उजळ करताना हा धोका मोठा. मेंदीवर गडद रंग चढवणं त्यामानाने सोपं.

खरी काळजी पाकिटातल्या भेसळीची. ‘मेंदी’ म्हणून विकलेल्या काही पुडींत धातूंचे क्षारही असतात. तांब्यामुळे केस हिरवट होऊ शकतात, आणि पेरॉक्साइड लागताच केस तापून तुटूही शकतात.

म्हणून मानेजवळची, आतली एक बट कापून आधी तपासावी. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि तीव्र अमोनियाचे २० थेंब घेऊन त्यात ती अर्धा तास ठेवतात. अमोनियाची वाफ झोंबते, त्यामुळे हे काम पार्लरवालीनेच खिडकी उघडी ठेवून करावं. बट तापली, फेसाळली, घाण वास आला किंवा रंग झटकन बदलला तर धातू आहे. तो भाग कापून जाईपर्यंत डाय नको. काहीच न होणं हीसुद्धा पूर्ण हमी नाही, कारण चांदीचे क्षार असले तरी बट जशीच्या तशी राहते. आणि धातू नसला तरी छटा कळायला प्रत्यक्ष डाय दुसऱ्या बटेवर, तीही टोकापर्यंत, लावून पाहावा लागतो.