बिटाचा लाल, रक्ताचा लाल

रात्री बिटाची कोशिंबीर खाल्ली आणि सकाळी लघवी गुलाबी झाली, की धस्स होतंच. हा रंग बिटातल्या बीटानिन या रंगद्रव्याचा. बहुतेकांच्या पोटातलं आम्ल आणि आतड्यातले जिवाणू त्याचा रंग मोडून टाकतात. साधारण दहातल्या एखाद्याच्या बाबतीत मात्र तो शाबूत राहतो, रक्तात शोषला जातो आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतो. न शोषलेला भाग शौचाला लालसर करतो. शरीरात लोह कमी असेल तर हे जास्त दिसतं. म्हणून दर वेळी असं होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.

बिटाचा रंग गुलाबी-जांभळट असतो आणि बीट थांबवल्यावर एक-दोन दिवसांत जातो. रक्ताची लघवी लाल किंवा चहासारखी तपकिरी दिसते, कधी गाठीही पडतात. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. लघवीच्या साध्या तपासणीत सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या, तर ते रक्तच. बिटात त्या कुठून येणार? शौचातलं रक्त वेगळ्या चाचणीने कळतं. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, किंवा चक्कर येत असेल, तर बिटावर खापर न फोडता लगेच डॉक्टर गाठावा. लघवीतलं रक्त दुखल्याशिवायही येतं.