फौजदारी अवमानाची नोटीस आणि माफीचे प्रतिज्ञापत्र

न्यायालयाचा अवमान दोन प्रकारचा असतो. न्यायालयाचा आदेश किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडली, तर तो दिवाणी अवमान. फौजदारी अवमानात कोणताही आदेश मोडलेला नसतो. 1971 च्या अवमान कायद्याने त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत: न्यायालयाची बेअदबी होईल किंवा त्याचा अधिकार खालावेल असे काही बोलणे, लिहिणे अथवा चित्राने दाखवणे, चालू खटल्यात ढवळाढवळ करणे, आणि इतर कोणत्याही रीतीने न्यायदानाच्या कामात अडथळा आणणे. साक्षीदाराला धमकावणे किंवा न्यायाधीशाला खासगी पत्र पाठवून निकालासाठी गळ घालणे यांत शंकेला जागा नसते. वाद उभा राहतो तो बहुधा पहिल्या प्रकारात.

निकाल चुकीचा आहे, न्यायाधीशांनी पुरावा नीट पाहिला नाही, असे म्हणणे हा अवमान नव्हे. निकाल लागलेल्या प्रकरणावरील रास्त टीकेला कायद्याने उघड मुभा दिली आहे. टीका निकालावरून न्यायाधीशाच्या हेतूवर घसरली, की प्रकरण बदलते. 2006 मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सत्य हाही बचाव मान्य झाला; मात्र ते सांगणे जनहिताचे होते आणि बचाव प्रामाणिक आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. ऐकीव गोष्टींवर हा बचाव टिकत नाही.

नवी मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेतले प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून तिथे वाद सुरू होता आणि तो मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. 2025 च्या आरंभी संस्थेच्या एका संचालिकेच्या सहीने सभासदांमध्ये एक पत्रक फिरले. त्यात ‘डॉग माफिया’चे हात न्यायाधीशांपर्यंत पोहोचल्याचा सूर होता. सोसायटीचे पत्रक म्हणजे घरगुती कागद, असे अनेकांना वाटते. कायद्याच्या दृष्टीने तेही प्रकाशनच. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यांनी माफी मागितली, पण ती मनापासून नाही असे मानून न्यायालयाने एप्रिलमध्ये एक आठवड्याची साधी कैद आणि 2000 रुपये दंड सुनावला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांचा पश्चात्ताप प्रामाणिक मानून ही शिक्षा माफ केली.

नोटीस आल्यावर आधी ती कोणाची आहे ते पाहावे. ‘अवमानाची कारवाई करू’ असे धमकावणारी वकिलाची नोटीस ही न्यायालयाची नोटीस नव्हे. कारवाई उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच करते, एकतर स्वतःहून किंवा कोणी अर्ज केल्यावर. उच्च न्यायालयात अर्ज महाधिवक्ता स्वतः करतात. इतरांना त्यांची लेखी संमती लागते. त्यामुळे सोबतच्या कागदांत ही संमती आहे का, हे तपासावे. नेमके कोणते शब्द आक्षेपार्ह ठरवले आहेत आणि ते लिहिले केव्हा, तेही पाहावे. कृतीला एक वर्ष उलटल्यावर कारवाई सुरू करता येत नाही.

तारखेला गैरहजर राहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. नोटिशीत जातीने हजर राहण्यास सांगितले असेल, तर वकील उभा केला म्हणून भागत नाही. सूट हवी असल्यास आधी अर्ज करावा लागतो. मूळ मजकुराची प्रत जपून ठेवावी आणि नव्याने काही लिहू नये. नोटिशीलाच सोशल मीडियावर उत्तर दिले, तर दुसरे प्रकरण उभे राहू शकते.

खरे उत्तर प्रतिज्ञापत्रातून जाते, आणि ते लिहिण्यापूर्वी वकिलाबरोबर बसून लढायचे की माफी मागायची हे ठरवावे लागते. ‘मी काहीच चुकीचे लिहिले नाही, तरी कोणी दुखावले असल्यास क्षमस्व’ या धर्तीची वाक्ये दोन्ही बाजू घालवतात. केवळ सशर्त आहे एवढ्याच कारणाने प्रामाणिक माफी नाकारू नये, असे कायदा सांगतो, पण प्रामाणिकपणा दिसावा तर लागतोच. कोणते शब्द चुकले ते नेमके सांगणारी आणि पहिल्याच तारखेला दिलेली माफी सहसा अधिक वजनदार ठरते. शिक्षा समोर दिसू लागल्यावर आलेल्या माफीवर न्यायाधीशांचा विश्वास बसणे अवघड असते. माफी न मागणे हाही एक मार्ग आहे. 2020 मध्ये ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांनी आपल्या दोन ट्विटबद्दल माफी मागण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून 1 रुपया दंड केला. तो न भरल्यास तीन महिने कैद आणि सर्वोच्च न्यायालयात तीन वर्षे वकिलीस बंदी होती. त्यांनी रुपया भरला.

फौजदारी अवमानाची सुनावणी किमान दोन न्यायाधीशांपुढे होते. शिक्षेची कमाल मर्यादा सहा महिने साधी कैद, 2000 रुपये दंड किंवा दोन्ही. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने शिक्षा दिली, तर 60 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही.