उघडलेल्या कपाटाचं माप

नवीन फ्लॅटच्या नकाशात बेडरूम १० बाय ९ फूट दिसते, तिच्यात डबलबेड आणि कपाट व्यवस्थित बसलेलं असतं. सामान येतं, लागतं आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की कपाटाचा पल्ला पलंगाला अडतो, तर पलंगाचा ड्रॉवर निम्माच बाहेर येतो. नकाशात सगळं बंद काढलेलं असतं, राहायला गेल्यावर ते उघडावं लागतं. म्हणून लहान खोलीत प्रत्येक वस्तूचं माप ती उघडी ठेवून घ्यावं.

हीच खोली इंचांत पाहू: एक बाजू १२०, दुसरी १०८. ७८ बाय ६० ची गादी घेतली, तर डोक्याकडची पाटी धरून पलंग साधारण ८४ बाय ६३ होतो. त्याचं डोकं लांब भिंतीला लावलं की पायथ्याशी उरतात २४ इंच. कपडे हँगरला आडवे टांगायचे तर कपाटाची खोली २४ इंच लागते. म्हणजे समोरच्या भिंतीला पलंगाच्या पायथ्यासमोर कपाट ठेवलं, तर ते पलंगाला चिकटेल. तरीही बहुतेक घरांत कपाटाचा पहिला विचार याच भिंतीचा होतो.

त्यापेक्षा कपाट आखूड भिंतीला, पलंगाच्या कुशीला घ्यावं. १२० मधून कपाटाचे २४ आणि पलंगाचे ६३ गेले की ३३ इंच उरतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच सोडायचा मोह होतो, पण तेवढ्या फटीत ना नीट उभं राहता येत, ना पल्ला मोकळा उघडत. माझं मत स्पष्ट आहे: पलंग खिडकीच्या भिंतीला टेकवा आणि ३३ इंच एकाच बाजूला, कपाटासमोर ठेवा. भिंतीकडे झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल, तेवढी तडजोड करावी.

आता खोलीचं दार. आपल्या उदाहरणात ते त्याच आखूड भिंतीत, पलंगाच्या पायथ्याकडच्या कोपऱ्यात आहे. बिजागरी कोपऱ्याकडे असेल तर दार उघडून लांब भिंतीला टेकतं आणि कोणाला अडवत नाही. बिजागरी कपाटाकडे असेल, तर ३३ इंचांचं दार कपाटाच्या पुढे डोकावतं आणि पहिल्या पल्ल्याची वाट अडवतं. ती बाजू बदलायला सुतार लागतो, पण कपाट बनवण्याआधी ते काम सोपं असतं. मात्र दिव्यांचा स्विचबोर्ड बहुधा दाराच्या कडीच्या बाजूला असतो, म्हणजे नेमका कपाटाच्या जागी. चौकटीचे ३६ आणि बोर्डासाठी ८ इंच सोडले की भिंतीचे ६४ उरतात. तिथे ५ फुटांचं कपाट बसवावं. त्याला दोन रुंद पल्ले न लावता पंधरा-पंधरा इंचांचे चार लावले, तर पल्ला उघडल्यावरही पलंगापर्यंत १८ इंच मोकळे राहतात.

कपाटातला ड्रॉवर हा स्वतंत्र प्रश्न आहे. पल्ला जेमतेम काटकोनात उघडत असेल, तर त्याच्या आत बसवलेला ड्रॉवर पल्ल्याच्या कडेला घासतो. पल्ल्यालगत भिंत किंवा उंच बाजू असेल तर हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: ड्रॉवरचा खण बाजूच्या फळीपासून इंच-दीड इंच आत घेऊन मध्ये पट्टी भरावी. ड्रॉवर मांडी ते कंबर या उंचीला घ्यावेत. अगदी खालचा उघडायला वाकून मागे सरकावं लागतं, आणि मागे पलंग असतो.

सरकत्या दारांचं कपाट पल्ल्याचा प्रश्न मिटवतं, पण रुळांमुळे खोली तीन-चार इंचांनी वाढते. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. ड्रॉवर दोन दारांच्या जोडाखाली आला, तर तो कधीच पूर्ण निघत नाही. ३३ इंचांच्या वाटेत ते तीन इंच मला महाग वाटतात.

पलंगाखालच्या साठवणीसाठी या खोलीत ड्रॉवर घेऊ नयेत. कुशीला वीस इंच बाहेर आलेल्या ड्रॉवरसमोर माणसाला १३ इंच उरतात. पायथ्याकडून उचलायचा हायड्रॉलिक पलंग इथे बरा, कारण त्याला समोरची जमीन लागत नाही, उभं राहायला २४ इंच पुरतात. त्यातले गॅसचे दांडे गादीच्या वजनाप्रमाणे निवडावे लागतात. गादी जड निघाली तर झाकण वर टिकत नाही, हलकी निघाली तर खाली बसत नाही. म्हणून गादी आधी ठरवावी.

मापं बिल्डरच्या नकाशावरून घेऊ नका. भिंतीच्या तळाच्या स्कर्टिंगपासून समोरच्या स्कर्टिंगपर्यंत टेप लावा, कारण अर्धा-अर्धा इंच तिथेच जातो. मग जमिनीवर पलंग आणि कपाट खडूने आखा, पल्ल्यांची आणि दाराची वर्तुळंही काढा. दोन वर्तुळं एकमेकांत घुसत असतील, तर सुताराला आगाऊ पैसे देऊ नका.