नोटीस लागली, पण वाचली कुणी?

आमच्या सोसायटीच्या फलकावर मागे एक नोटीस लागली होती:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वरच्या टाकीची साफसफाई करावयाची असल्याने व त्याकरिता टाकी रिकामी करणे आवश्यक असल्याने गुरुवारी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत दोन्ही विंगचा पाणीपुरवठा बंद राहील, तरी सभासदांनी आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे, तसेच नळ बंद असल्याची खात्री करावी आणि पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिण्यासाठी वापरू नये.’

यात चूक एकही नाही. तरी गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद घरात उघडा राहिलेला नळ संध्याकाळी धो धो वाहू लागला. नळाची सूचना त्या लांबलचक वाक्याच्या पोटात दडली होती, आणि लिफ्टची वाट पाहणारा माणूस तिथवर पोहोचत नाही. त्याची नजर पहिल्या ओळीवर पडते आणि मग ठळक काही दिसते का ते शोधत खाली घसरते.

म्हणून आधी वाचणाऱ्याचे प्रश्न काढायचे. इथे ते तीनच आहेत: पाणी कधी नाही? त्याआधी मी काय करू? आल्यावर काय करू? प्रत्येक प्रश्नाचा एक भाग होतो:

गुरुवारी १० ते ५ पाणी बंद
टाकीची सफाई आहे. दोन्ही विंगना पाणी येणार नाही.

त्याआधी
- बुधवारी रात्री पाणी भरून ठेवा.
- घराबाहेर पडताना सगळे नळ बंद करा.

पाणी आल्यावर
पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिऊ नका. ते फरशी पुसायला वापरा.

पहिले उपशीर्षक पाहा. ‘महत्त्वाची सूचना’ असे लिहिले असते, तर त्यातून काहीच कळले नसते. इथे नुसती उपशीर्षके वाचली, तरी मुख्य गोष्ट हाती लागते. ‘असल्याने’, ‘तरी’, ‘तसेच’ यांनी बांधलेले वाक्य सोडवले, की एका वाक्यात एकच काम उरते. यादीतली प्रत्येक ओळ सारख्याच क्रियापदाने संपते: ठेवा, करा. क्रम महत्त्वाचा असेल, तरच आकडे घालायचे.

यादी कुठे नको?

कारणमीमांसेची यादी करू नये. सफाईचा खर्च का वाढला हे सभासदांना पटवायचे असेल, तर ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द लागतातच. मुद्दे सुटे केले की हेच दुवे गळतात आणि युक्तिवाद खिळखिळा होतो. तिथे सलग परिच्छेदच हवा, फक्त वाक्ये आटोपशीर ठेवावीत. पानभर एकेका ओळीचे मुद्दे असले, तर काहीच उठून दिसत नाही.

पुढची नोटीस चिकटवण्यापूर्वी ती शेजाऱ्याला दहा सेकंद दाखवा आणि विचारा, ‘काय करायचंय?’ उत्तर अडखळले, तर कागद परत घरी आणा.