डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलाय? मग सीजीपीए सहा सेमिस्टरचाच. पुढे किती लागेल ते असे काढा

बदलापूर : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातली आणि वांगणीपर्यंतच्या गावांमधली बरीच मुलं दहावीनंतर डिप्लोमा करतात. तीन वर्षांचा डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. हे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून होतात. घरी मात्र एक प्रश्न हमखास निघतो. पहिलं वर्ष तर केलंच नाही, मग शेवटच्या सीजीपीएमध्ये काय धरणार?

उत्तर सोपं आहे. पहिलं आणि दुसरं सेमिस्टर हिशोबातच येत नाही. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सहा सेमिस्टर धरली जातात. डिप्लोमाचे मार्कही त्यात मिसळत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगच्या गुणपत्रिकेवर याला एसजीपीआय आणि सीजीपीआय म्हणतात. एसजीपीआय म्हणजे एका सेमिस्टरचा आकडा, सीजीपीआय म्हणजे सगळ्यांचा मिळून. नाव वेगळं, हिशोब तोच.

फायदा की तोटा?

दोन्ही. आठ सेमिस्टरवाल्या मुलाचं एक सेमिस्टर म्हणजे एकूण सरासरीचा आठवा हिस्सा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याचं एक सेमिस्टर म्हणजे सहावा हिस्सा. समजा एका सेमिस्टरला ०.६ कमी पडले. सहावाल्याचा शेवटचा आकडा ०.१ ने खाली येतो, आठवाल्याचा फक्त ०.०७५ ने. म्हणजे आपल्या मुलाला प्रत्येक सेमिस्टर जड जातं. पडलं तर जास्त आपटतं, चढलं तर जास्त उचलतं.

त्यात नेमकं तिसरं सेमिस्टर अवघड. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत कॉलेजात वर्ग अनेकदा सुरू झालेले असतात. शिवाय गणितात लाप्लास, फुरिए असे भाग येतात. बारावी आणि पहिलं वर्ष करून आलेल्या मुलांचा गणिताचा सराव चालू असतो, डिप्लोमावाल्यांचा तेवढा नसतो. म्हणून अशा मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांचे ब्रिज कोर्स घ्यावेत, असं एआयसीटीईने सांगितलेलं आहे. आपल्या कॉलेजात तो कधी असतो, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारा.

आता हिशोब

उदाहरण म्हणून वांगणीकडचा एक मुलगा घेऊ. त्याला शेवटी ६.७५ हवेत, कारण एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के. तिसऱ्या सेमिस्टरला त्याला ५.८ मिळाले, चौथ्याला ६.२. चार सेमिस्टर बाकी आहेत.

एकूण लागणारे : ६ × ६.७५ = ४०.५
हातात असलेले : ५.८ + ६.२ = १२
बाकी : ४०.५ − १२ = २८.५
दर सेमिस्टरला : २८.५ ÷ ४ = ७.१२५, म्हणजे ७.१३

६.७५ गाठायचे म्हणून पुढे ६.७५ मिळवून चालत नाही. मागे राहिलेलं पुढे भरावं लागतं. आता पाचव्या सेमिस्टरला त्याला ६.६ च मिळाले असं धरा. मग बाकी २१.९ राहतात आणि सेमिस्टर तीन, म्हणजे दर वेळी ७.३ लागतील. निकाल लागला की प्रत्येक वेळी हा हिशोब नव्याने करायचा. उत्तर १० च्या वर आलं तर ते गाठणं शक्यच नाही. ९ च्या आसपास आलं तर घरात मोकळेपणाने बोलून घ्यावं.

त्याच्याच वर्गात पहिल्या वर्षापासून असलेला दुसरा मुलगा बघा. त्यालाही तिसऱ्या-चौथ्याला ५.८ आणि ६.२ च मिळाले. पण पहिल्या वर्षी दोन्ही सेमिस्टरला ८ असतील तर त्याला पुढे फक्त ६.५ ची सरासरी पुरते. पहिल्या वर्षी दोन्हीला ५.५ असतील तर ७.७५ लागतात. आपला मुलगा मधे आहे. पहिल्या वर्षाचं ओझं त्याच्यावर नाही, तसा पहिल्या वर्षाचा आधारही नाही.

क्रेडिट विसरलात तर आकडा फसतो

वरचा हिशोब सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट सारखी धरून केलाय. प्रत्यक्षात ती कमी-जास्त असतात. डेअरीला दूध घालणाऱ्याला हे लगेच कळेल. ८ फॅटचं २ लिटर आणि ४ फॅटचं १० लिटर एकत्र केलं तर फॅट ६ लागत नाही, ४.६७ लागते. जिथे लिटर जास्त, तिकडे आकडा झुकतो. इथे लिटरच्या जागी क्रेडिट.

समजा तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरला २२-२२ क्रेडिट, सातव्याला २० आणि आठव्याला १८ आहेत. एकूण १२६. त्याला ६.७५ ने गुणलं की ८५०.५ होतात. पहिल्या दोन सेमिस्टरचे २२ × १२ = २६४ हातात आहेत. बाकी ५८६.५. उरलेली क्रेडिट ८२. भागाकार ७.१५२, म्हणजे ७.१६ धरा.

७.१३ आणि ७.१६ मधे फरक काहीच नाही असं वाटेल. पण हा मुलगा ७.१३ वर थांबला तर त्याचा शेवटचा आकडा ६.७३५ येतो आणि ६.७५ ची रेषा हुकते. म्हणून प्रत्येक सेमिस्टरची क्रेडिट गुणपत्रिकेवरून किंवा कॉलेजच्या परीक्षा विभागातून लिहून घ्या आणि मगच गणित करा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

केटी राहिली असेल तर सीजीपीए पक्का नसतो. त्या विषयाची क्रेडिट सुटल्यावरच खरा आकडा कळतो. तोपर्यंतचं गणित अंदाजाचं समजा.

सीजीपीएला १० ने गुणून टक्के काढू नका. ६.७५ ला १० ने गुणलं तर ६७.५ येतात, एआयसीटीईच्या तक्त्यात ते ६० आहेत. विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं. फॉर्म भरताना आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा.

डिप्लोमाचे मार्क सीजीपीएत येत नाहीत, पण ते पुसलेही जात नाहीत. नोकरीच्या फॉर्मवर दहावी, डिप्लोमा आणि पदवी असे वेगवेगळे रकाने असतात. सगळीकडे ६० टक्के हवेत अशी अट असेल, तर पदवीला कितीही चढले तरी डिप्लोमाचे ५५ तिथे आडवे येतातच.

परदेशातली पद्धत ऐकून मात्र गोंधळू नका. इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष पास व्हावं लागतं, पण त्याचे मार्क शेवटच्या श्रेणीत धरत नाहीत. आपल्याकडे थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याचं पहिलं वर्ष धरत नाहीत, कारण ते त्याने केलेलंच नसतं. शेजारच्या मुलाचं पहिलं वर्ष सुटलं असं ऐकलं, तर तो कोणत्या वर्षाला आत आला ते आधी विचारा.