उत्तर दुसऱ्या भागात

जुन्या पुस्तकात सापडलेल्या लाडिक चिठ्ठीवर कथा लिहायची तर पहिली अडचण साधी असते. पुस्तक एक, वाचकही एकच. मग दुसरा तिथवर यायचा कसा? ए. एस. बायट यांनी ‘पझेशन’ या १९९० च्या कादंबरीत याची छान सोय केली. लंडन लायब्ररीतल्या ग्रंथात एका संशोधकाला कवीच्या पत्राचे कच्चे मसुदे मिळतात. पत्र कोणासाठी होतं याचा माग त्याला एका कवयित्रीपर्यंत नेतो, आणि तिचा अभ्यास करणाऱ्या संशोधिकेकडे त्याला जावंच लागतं. एकाकडे पत्र, दुसरीकडे माहिती.

आपल्याकडे हीच कथा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घडू शकते. तिथे दोन भागांची एक जुनी कादंबरी एकाच गठ्ठ्यातून येते. ‘ती’ पहिला भाग घेते. आत चिठ्ठी: “दुसरा भाग सापडत नाही म्हणालो, ते खोटं. दोन्ही एकदम दिले तर तुम्ही पुन्हा कशाला याल? न्यायला या. आणि उत्तर तोंडी नको, घरात कान फार. दुसऱ्या भागात ठेवून परत करा.”

आता तिला दुसरा भाग हवाच. विक्रेता सांगतो, तो गेला. घेणारे गृहस्थ दर शनिवारी येतात. इथे योगायोग जवळजवळ लागतच नाही, म्हणून ही मांडणी मला आवडते.

शनिवारी ‘तो’ पुस्तक उघडून दाखवतो. उत्तर नाही, पण समोरासमोरच्या दोन पानांवर घडी घातलेल्या कागदाएवढा तपकिरी चौकोन आहे. हलक्या कागदातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं आणि तिथला कागद काळवंडतो. त्याला वर्षं जावी लागतात. म्हणजे उत्तर लिहिलं गेलं होतं आणि ते पुस्तकातच राहिलं.

वाद इथून सुरू होतो. ती म्हणते, दोन्ही भाग एका घरात सापडले म्हणजे त्यांचं लग्न झालं. तो म्हणतो, दुसरा भाग तिने परत केलाच नाही. उत्तर लिहिलं, पण द्यायचा धीर झाला नाही. डाग दोघांच्याही बाजूने साक्ष देतो. पुष्कळ लेखक इथे घाई करतात आणि चिठ्ठीतला जुना प्रियकर म्हातारा होऊन दारात उभा राहतो. मग वाचणाऱ्या दोघांना काही कामच उरत नाही. त्यांची ओळख वाढते ती भांडताना: कोण कोणती ओळ कशी वाचतो, कोणाला कशाची भीती वाटते.

तिसऱ्या शनिवारी तो खिशातून घडी घातलेला, पिवळा कागद काढतो. उत्तर पहिल्या दिवसापासून त्याच्याकडेच होतं. ती विचारते, “मग तेव्हाच का नाही दाखवलंत?”

तो तिच्या हातातल्या पहिल्या भागाकडे बोट दाखवतो.