रोज डोकावतो, बोलत मात्र नाही

माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं चार वर्षांचं नातं एप्रिलमध्ये संपलं. भांडण नाही, तमाशा नाही. दोघांनी एका कॅफेत बसून ठरवलं आणि वेगवेगळ्या रिक्षांनी घरी गेले. इन्स्टाग्रामवर मात्र कुणीच कुणाला काढलं नाही, कारण तसं करणं पोरकट वाटलं असतं. सप्टेंबरमध्ये एका रात्री पावणेदोनला तिचा फोन लुकलुकला. २०२१ साली राजमाचीला काढलेला तिचा एकटीचा फोटो त्याने लाइक केला होता. सकाळी पाहिलं तर लाइक तसाच. मेसेज काहीच नाही. (ओळख पटेल असे तपशील मी तिच्या संमतीने बदलले आहेत.)

त्या आधीचे पाच महिने तो तिची प्रत्येक स्टोरी पाहतच होता. बोलायचं नाही, पण नजरेआडही जायचं नाही, असा हा प्रकार. अमेरिकी लेखिका ॲना आयोव्हिनी यांनी २०१८ मध्ये त्याला ‘ऑर्बिटिंग’ म्हटलं. म्हणजे ग्रहाभोवती उपग्रह फिरावा तसं फिरत राहणं. आपल्याकडे याहून नेमका शब्दप्रयोग आधीपासून आहे: खडा टाकून पाहणं.

पण प्रत्येक हालचाल म्हणजे खडा नव्हे, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. स्टोरी पाहणं ही जवळजवळ फुकटची गोष्ट आहे. एकाची स्टोरी संपली की दुसऱ्याची आपोआप सुरू होते. लोकलमध्ये उभा माणूस अंगठ्याने पुढे सरकत जातो आणि वाटेत तुमचं नाव लागतं. पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव उमटतं ते एकदाच. त्याने ती स्टोरी एकदा पाहिली की सातदा, पूर्ण पाहिली की अर्ध्या सेकंदात पुढे ढकलली, हे यादी सांगत नाही. नाव सगळ्यात वर दिसलं म्हणून तो सारखा पाहतो, असंही नाही. चार वर्षं ज्या दोघांनी एकमेकांना रोज मेसेज पाठवले, त्यांना ॲप जवळचे समजलं तर त्यात नवल काय? ॲपला ब्रेकअप झाल्याचं कुणी कळवलेलं नसतं.

माझ्या मैत्रिणीने याची परीक्षा नकळतच घेतली. ती सूचक गाणी लावत होती, नव्या ड्रेसमधले फोटो टाकत होती, आणि त्याने ते दहा मिनिटांत पाहिले की दिवसभर त्याचा अर्थ लावत बसत होती. मग एकदा ऑफिसच्या रक्तदान शिबिराची रटाळ सूचना तिने स्टोरीवर टाकली. तीही त्याने दहा मिनिटांत पाहिली. गाण्याच्या कडव्यात आणि रक्तगटाच्या तक्त्यात त्याला काही फरक वाटत असल्याचं त्या यादीवरून तरी दिसत नव्हतं.

जुन्या फोटोच्या लाइकचं गणित थोडं वेगळं आहे. तीन-चार वर्षांपूर्वीचा फोटो आपणहून सहसा समोर येत नाही. त्यासाठी प्रोफाइल उघडावं लागतं, खाली-खाली जावं लागतं. तेव्हा तो तिथे गेला होता, एवढं जवळजवळ नक्की म्हणता येतं. लाइक मात्र चुकून पडू शकतो, कारण फोटो मोठा करून पाहताना बोट दोनदा टेकलं की बदाम लाल होतो. चूक असेल तर माणूस दचकून तो लगेच काढतो. मग फोनवर क्षणभर सूचना चमकते आणि उघडून पाहावं तर काहीच नसतं. सकाळपर्यंत राहिलेला लाइक बहुधा मुद्दाम ठेवलेला असतो. पण मुद्दाम म्हणजे कशासाठी? आठवण आली म्हणून, एकटं वाटलं म्हणून, दोन पेग जास्त झाले म्हणून, की परत यायचंय म्हणून? ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याच्या मनातलं भांडं आपण बाहेरून कसं ओळखणार?

हे न ओळखता येणंच माणसाला अडकवून ठेवतं. बी. एफ. स्किनर यांनी चार्ल्स फर्स्टर यांच्यासोबत १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरचे प्रयोग मांडले आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळणार हे ठरलेलं नसेल, तर कबुतर चिकाटीने टोचत राहतं, आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. रोज हमखास मेसेज करणाऱ्या किंवा कधीच न करणाऱ्या एक्सची सवय होते. महिन्यातून एक लाइक टाकणाऱ्याची होत नाही.

२०१२ मध्ये टॅरा मार्शल यांनी ४६४ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या जोडीदाराचं फेसबुक जे जास्त चाळत होते, त्यांच्यात दुःख, ओढ आणि कटू भावनाही जास्त आढळल्या. चाळल्यामुळे दुःख वाढतं की दुःखी माणूस जास्त चाळतो, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. अभ्यास पाहणाऱ्याचा आहे, ज्याला पाहिलं जातं त्याचा नाही, असंही कुणी म्हणेल. पण स्टोरी टाकून दर वीस मिनिटांनी यादी उघडणारी माझी मैत्रीण काय करत होती? तीही त्यालाच पाहत होती. फक्त ॲपने ते तिला ‘माझी स्टोरी कुणी पाहिली’ या सभ्य नावाखाली दिलं होतं.

म्हणून मी तिला एकच प्रश्न विचारला: त्याचं नाव यादीत येणारच नाही असं ठरलं, तर तू आजची स्टोरी टाकशील का? तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘‘अर्ध्याहून जास्त नाही टाकणार.’’ तो तिच्या मागावर होता की नाही ते देवास ठाऊक. ती मात्र एकाच प्रेक्षकासाठी रोज प्रयोग लावत होती.

तिने त्याला आधीच म्यूट केलं होतं आणि तरीही काही फरक पडत नाही, अशी तिची तक्रार होती. हा घोटाळा फार जणांचा होतो. म्यूट केल्याने त्याच्या पोस्ट आणि स्टोरी तुम्हाला दिसत नाहीत. तुमच्या त्याला दिसतच राहतात. आपली खिडकी बंद झाली, त्याची उघडीच. त्याची खिडकी बंद करायला त्याच्या प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांत Hide your story हा पर्याय आहे. त्याला तशी सूचना जात नाही. रिस्ट्रिक्ट हा पर्याय वेगळ्याच दुखण्यावर आहे: त्याच्या नव्या कॉमेंट तुम्ही मान्य करेपर्यंत इतरांना दिसत नाहीत आणि त्याचे मेसेज ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतात. जो बोलतच नाही, त्याच्यावर त्याचा काय उपयोग?

व्हॉट्सॲपच्या स्टेटसलाही विशिष्ट माणसं वगळता येतात. तिथे आणखी एक सोय आहे. निळ्या टिकांची सेटिंग बंद केली की आपलं स्टेटस कुणी पाहिलं हे आपल्यालाही दिसत नाही. यादीच नाही म्हटल्यावर ती उघडण्याचा मोहही नाही.

माझं मत विचाराल तर नव्याने सुटलेल्या, सभ्यपणे संपलेल्या नात्यात म्यूट आणि स्टोरी लपवणं ही जोडी आधी वापरावी. दोन्ही बाजू बंद होतात, कुणाचा अपमान होत नाही आणि ट्रेकच्या ग्रुपमध्ये चर्चा होत नाही. मर्यादा आहेतच. तुमचं खातं सर्वांसाठी खुलं असेल तर तो दुसऱ्या खात्यावरून पाहू शकतो. खातं प्रायव्हेट करून त्याला फॉलोअरमधून काढलं तर ती वाटही बरीचशी बुजते. उरतो तो सामाईक मित्र, जो आपणहून बातम्या पोचवतो. त्याला बंद करणारं बटण कुठल्याच ॲपमध्ये नाही.

ब्लॉक हे कडक दार आहे, आणि ते लावताना अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. पण लावण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत हव्यात. ब्लॉक केल्यावर तुमच्या फोटोंवरचे त्याचे लाइक आणि कॉमेंट नाहीशा होतात, आणि अनब्लॉक केलं तरी परत येत नाहीत. रागात ब्लॉक आणि रविवारी अनब्लॉक करणाऱ्यांचं तिथे बिंग फुटतं, कारण पुन्हा फॉलो करण्यापासून सुरुवात होते. दुसरं, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलेला माणूस सामाईक ग्रुपमध्ये राहतोच आणि तिथलं तुमचं बोलणं वाचतोच.

प्रकरण त्रासाकडे झुकत असेल, म्हणजे बनावट खाती, रात्री-अपरात्री मेसेज, धमक्या, तर ब्लॉक करण्याआधी तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. पुरावा आपल्याच हाताने पुसला जाऊ नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट नापसंती दाखवूनही पुरुषाने वारंवार संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे; पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१३ पासून भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम होतं, त्याचीच ही पुढची आवृत्ती. तुम्ही सगळ्यांसाठी टाकलेली स्टोरी कुणी पाहिली, एवढ्यावर सहसा गुन्हा उभा राहणार नाही. पण ‘स्पष्ट नापसंती’ या शब्दांमुळे उत्तराचा प्रश्न वेगळा दिसू लागतो.

लाइक हा प्रश्न नसतो, त्यामुळे त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. ‘इतक्या रात्री राजमाची?’ असं खेळकर उत्तर पाठवण्याचा मोह माझ्या मैत्रिणीलाही झाला. मी विचारलं, त्यावर ‘कशी आहेस?’ आलं तर पुढे काय लिहिशील? तिच्याकडे पुढची ओळ नव्हती. पुढची ओळ माहीत नसेल तर पहिली पाठवू नये. त्रास थांबवण्यासाठीच उत्तर द्यायचं असेल, तर ते कोरडं आणि एकदाच: ‘तू माझे जुने फोटो लाइक करतोस ते मला नको आहे. पुन्हा करू नकोस.’ त्यात कारण नको, हसरा चेहरा नको, ‘सॉरी’ तर नकोच. समजणाऱ्याला ते पुरतं. न समजणाऱ्याच्या बाबतीत, नापसंती कधी आणि कोणत्या शब्दांत कळवली, याची नोंद तरी राहते.

तिने तसं काही लिहिलं नाही. स्टोरी लपवली. पहिले तीन दिवस तिने काहीच टाकलं नाही, कारण टाकण्यासारखं काही सुचेना. चौथ्या दिवशी सोसायटीतल्या मांजरीची पिल्लं आली. मग जवळजवळ तीन आठवड्यांनी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज: ‘स्टोरी नाही दिसत तुझ्या हल्ली. ठीक ना सगळं?’ तिने बराच वेळ टाइप करून, खोडून, शेवटी पाठवलं: ‘सगळं ठीक. तुझ्यासाठी मीच बंद केल्यात, मला बरं पडतं.’

‘ओके,’ त्याने लिहिलं.

राजमाचीच्या फोटोवर त्याचा लाइक अजून आहे. फोटो लपवून का ठेवत नाहीस, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, ‘‘कशाला? मागे किल्ला किती छान आलाय.’’